अनामत मोठी घ्यावी की भाडे मोठे? एका घराचा हिशेब



आपल्या कार्यक्षेत्रातील बरीच मुले-मुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे राहू लागली आहेत. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फ्लॅट भाड्याने बघावा लागतो. तिथे गेल्यावर एक कोडे पुढे येते. एक मालक म्हणतो, "अनामत भरपूर द्या, भाडे कमी घेतो." दुसरा म्हणतो, "अनामत थोडीच द्या, भाडे मात्र पुरे लागेल." मुंबईकडे पहिल्या प्रकाराला 'हेवी डिपॉझिट' असे सर्रास म्हणतात. अनामत जितकी फुगेल तितके भाडे उतरते, आणि काही ठिकाणी तर ते शून्यावर येते.

आपल्यापैकी पुष्कळांचा कल पहिल्या प्रकाराकडे असतो. "अनामत काय, परत मिळणारच आहे. भाडे गेले ते गेलेच," असे आपण म्हणतो. हे बोलणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे काय आहे ते या पाठात मांडून पाहू.

जुनीच गोष्ट, नवे नाव

हा व्यवहार आपल्याला नवा नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ताबेगहाण ठाऊक आहे. अडलेला शेतकरी सावकाराकडून रक्कम घेई आणि शेत त्याच्या ताब्यात देई. रकमेला व्याज नाही, शेताला खंड नाही. सावकार पीक खाई, तेच त्याचे व्याज. रक्कम परत केली की शेत परत.

मोठ्या अनामतीचा फ्लॅट म्हणजे हाच प्रकार उलट बाजूने. इथे रक्कम देणारे आपण, आणि 'पीक' म्हणजे त्या घरात कमी भाड्यात राहणे. आपल्या रकमेचे व्याज आपण राहून वसूल करतो. म्हणजे अनामत फुकट पडून राहत नाही हे खरे, पण तिला मोल आहे हेही तितकेच खरे. प्रश्न एवढाच, की मालक त्या रकमेला जे व्याज (भाड्यातील सूट) देतो ते आपल्याला परवडते का?

पैशाला मोल असते हे ऊस उत्पादकाला शिकवायला नको. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे गाळपास ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रास्त भावाची रक्कम मिळायची असते. उशीर झाला तर त्यावर दरसाल १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. स्वतःचा पैसा दुसऱ्याकडे अडकला की त्याचे व्याज मागायचे, हे आपण कारखान्याच्या बाबतीत जाणतो. फ्लॅटच्या बाबतीत मात्र विसरतो.

सरकार विसरत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराचे मुद्रांक शुल्क काढताना मुदतीतले एकूण भाडे धरतात, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. म्हणजे ५ लाख अनामत हे सरकारच्या लेखी वर्षाला ५० हजारांचे भाडेच आहे.

आपले उदाहरण

एका सभासदाची मुलगी व मुलगा दोघेही पुण्यात शिकायला जायचे होते. त्यांनी एकाच भागात सारख्याच आकाराचे दोन फ्लॅट पाहिले.

पहिला फ्लॅट: अनामत ५,००,००० रुपये, भाडे महिना ९,००० रुपये.
दुसरा फ्लॅट: अनामत ५०,००० रुपये, भाडे महिना १२,००० रुपये.

पुण्याहून परत आल्यावर ते आमच्याकडे आले. म्हणाले, "पहिलाच घ्यावा म्हणतो. महिन्याला तीन हजार वाचत्यात. वर्षाला छत्तीस हजार झालं की. माझ्याकडं अडीच लाख हैत, अडीच लाख कर्ज काढतो."

आम्ही विचारले, "कर्ज कितीने मिळणार?"

"बारा टक्क्यानं."

"मग आधी कागद-पेन्सिल घ्या, अण्णा. कर्ज मागनं बघू."

हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी, दोन अनामतींतला फरक काढायचा. ५,००,००० वजा ५०,००० म्हणजे ४,५०,००० रुपये. संपूर्ण ५ लाख धरायचे नाहीत, कारण ५० हजार तर दोन्हीकडे द्यावेच लागणार. इथेच पुष्कळांची चूक होते.

दुसरी पायरी, वर्षाच्या भाड्यातला फरक. महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये.

तिसरी पायरी, या ३६,००० ला ४,५०,००० ने भागून १०० ने गुणायचे. उत्तर येते ८. म्हणजे पहिला मालक आपल्या जादा अनामतीला दरसाल ८ टक्के व्याज देत आहे. याला आपण 'घराचा दर' म्हणू.

हा एकदा निघाला की निम्मे कोडे सुटले. आता विचारायचे ते एवढेच : हाच पैसा दुसरीकडे किती टक्क्यांचा आहे?

पैसा कुणाचा, यावर उत्तर

समजा सगळे पैसे आपले स्वतःचे आहेत आणि बँकेत ठेवले तर ७ टक्के व्याज मिळते. (आपण ज्या दिवशी हिशेब कराल त्या दिवशीचा दर बँकेत विचारून घ्यावा.) साडेचार लाखांचे ७ टक्क्यांनी ३१,५०० रुपये होतात. पहिल्या फ्लॅटमध्ये भाडे वाचते ३६,००० रुपये. म्हणजे पहिला फ्लॅट वर्षाला ४,५०० रुपयांनी स्वस्त. ज्याच्या उत्पन्नावर आयकर लागतो त्याला ठेवीच्या व्याजावरही कर द्यावा लागतो, वाचलेल्या भाड्यावर नाही. त्याला हा फायदा थोडा जास्त पडेल.

समजा सगळे जादा पैसे १२ टक्क्यांनी कर्जाऊ काढले. साडेचार लाखांचे व्याज ५४,००० रुपये. वाचले ३६,०००. म्हणजे १८,००० रुपयांचा खड्डा. 'स्वस्त' घर महाग पडले.

आता अण्णांचा खरा हिशेब. त्यांच्याकडे अडीच लाख होते. दुसरा फ्लॅट घेतला तर ५० हजार अनामत जाऊन २ लाख हाती उरतात. ते ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १४,००० रुपये.

पहिला फ्लॅट : भाडे १,०८,००० अधिक अडीच लाखांच्या कर्जाचे व्याज ३०,०००. एकूण १,३८,०००.
दुसरा फ्लॅट : भाडे १,४४,००० वजा ठेवीचे व्याज १४,०००. एकूण १,३०,०००.

दुसरा फ्लॅट वर्षाला ८,००० रुपयांनी स्वस्त निघाला. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी घेतात. ती पहिल्या फ्लॅटला ३ हजारांनी कमी पडली असती. ती धरली तरी पहिल्या वर्षी पाच हजारांचा फरक दुसऱ्याच्याच बाजूने राहतो.

अण्णा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तीन हजार वाचवायला मी बँकेला अडीच हजार देणार हुतो." ते बरोबर बोलले. कर्जाचे व्याज महिना २,५०० पडत होते, आणि शिवाय स्वतःचे २ लाख बिनव्याजी अडकणार होते.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हातात रोख आहे, पण डोक्यावर ट्रॅक्टरचे किंवा सोने तारणाचे कर्ज चालू आहे, अशा सभासदाने आपल्या रकमेला बँकेच्या ठेवीचा दर लावू नये. त्या रकमेतून आधी कर्ज फेडता आले असते. म्हणून त्याच्या रोखीचे मोल त्या कर्जाच्या दराइतके आहे. ट्रॅक्टरचे कर्ज ११ टक्क्यांचे असेल, तर ८ टक्के देणाऱ्या घरात अडकवलेला आपला पैसाही तोट्याचाच.

आणि पीककर्ज तर यात घालूच नये. त्याची व्याजसवलत वेळेवर परतफेड करणाऱ्याला असते. परतफेडीची तारीख आपल्या हंगामावर ठरते, अनामत परत मिळण्याची तारीख मुलांच्या कराराच्या मुदतीवर. या दोन तारखा जुळत नाहीत. कर्ज भरायची वेळ येते तेव्हा पैसा पुण्यातल्या भिंतीत असतो.

लाखामागे किती?

दलालाच्या कचेरीत बसल्यावर कागद-पेन्सिल काढायला प्रशस्त वाटत नसेल, तर एक तोंडी हिशेब लक्षात ठेवावा. विचारावे, "जादा अनामतीच्या दर लाखामागे महिन्याचे भाडे किती उतरवता?" लाखामागे ५०० उतरले तर तो दर ६ टक्के. १,००० उतरले तर १२ टक्के. आपल्या उदाहरणात साडेचार लाखांमागे ३,००० उतरले, म्हणजे लाखामागे सुमारे ६६७. तो ८ टक्के.

या हिशेबाने घासाघीसही करता येते. हातात फक्त २ लाख जादा असतील तर म्हणावे, "पाच लाख जमणार नाहीत, अडीच लाख अनामत देतो, पण लाखामागे हजार उतरवा." मालकाने मान्य केले तर भाडे १२,००० चे १०,००० होईल, आणि आपल्या दोन लाखांना १२ टक्के मिळतील. न मानले तर आपले काही जात नाही. अण्णांनी पहिल्या मालकाला तसे विचारले. त्याने मानले नाही.

पण मालक फारच उदार झाला तर हुरळून जाऊ नये. लाखामागे दीड हजार उतरवतो म्हणजे तो १८ टक्के देतो आहे. एखादा माणूस १८ टक्क्यांनी पैसा का उचलतो? बहुतेक वेळा त्याला बँक उभी करत नाही म्हणून. घराचा दर बँकेपेक्षा जितका वर, तितकी मालकाची नड मोठी, आणि तितकी आपली अनामत जोखमीची.

अनामत परत मिळणारच का?

आता त्या "परत मिळणारच" या शब्दाकडे येऊ. ताबेगहाणात सावकाराचे नाव नोंदलेल्या दस्तात असे आणि शेत त्या रकमेला बांधलेले असे. लिव्ह अँड लायसन्समध्ये आपल्याला घरात राहण्याची केवळ परवानगी असते. अनामतीचा बोजा त्या घरावर चढत नाही. आपण मालकाला विनातारण पैसे दिले, असाच त्याचा अर्थ.

त्यामुळे तीन ठिकाणी घात होतो.

पहिले, मालकाने पैसे खर्च केलेले असतात. मुदत संपल्यावर तो म्हणतो, "नवा भाडेकरू आला की त्याच्या अनामतीतून देतो." नवा येईपर्यंत आपण ताटकळत. त्यासाठी करारातच कलम घालून घ्यावे की चावी देणे व अनामत परत करणे एकाच वेळी होईल. अनामत न दिल्यास ती मिळेपर्यंत भाडे न देता राहण्याचा हक्क राहील, आणि रकमेला ठरलेले व्याज लागेल. हे कलम नसताना नुसते हट्टाने राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई भरावी लागू शकते.

दुसरे, घरावर मालकाचे कर्ज असते. त्याचे हप्ते थकले की बँक सरफेसी कायदा २००२ खाली घराचा ताबा घेते. बँकेचे तारण पक्के, आपली अनामत कच्ची. म्हणून मोठी अनामत देण्याआधी मालकाला सरळ विचारावे की घरावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का. त्याने दिलेले उत्तर करारात लिहून घ्यावे. सोसायटीच्या कार्यालयात चौकशी केली तर बँकेचा बोजा नोंदला आहे का तेही कळू शकते.

तिसरे, समोरचा माणूस मालकच नसतो. मध्यस्थ मालकाकडून साध्या भाड्याने घर घेतो, आपल्याकडून मोठी अनामत उचलतो, काही महिने मालकाला भाडे भरतो आणि मग गायब होतो. मालक दारात येऊन भाडे मागतो तेव्हा आपल्याला कळते. यावर उपाय सोपा आहे. मालमत्ता कराची पावती, वीजबिल, खरेदीखताची इंडेक्स टू आणि मालकाचे ओळखपत्र, या चौघांवर एकच नाव आहे का ते पाहावे. इंडेक्स टू सर्वांत महत्त्वाची, कारण वीजबिल कधी कधी जुन्या मालकाच्या नावे राहून जाते. तसे असल्यास सोसायटीकडून खात्री करावी. रक्कम त्याच नावाच्या बँक खात्यात चेकने अगर आरटीजीएसने भरावी आणि त्याचा क्रमांक करारात घालावा. रोख देऊ नये, दलालाच्या खात्यावर तर मुळीच नाही.

करार नोंदवणे सक्तीचे आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज चुकीचा आहे. वरील अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. "अनामत करारात कमी दाखवू, बाकीची अशीच द्या," असे कोणी सुचवले तर तिथूनच उठावे. शुल्कात वाचतात ते शे-पाचशे रुपये, आणि कागदावर नसलेले लाख मागायला पुरावा राहत नाही.

जोखमीचे मोल

आता पुन्हा आपल्या आकड्यांकडे वळू. सगळा पैसा स्वतःचा असताना पहिला फ्लॅट ४,५०० रुपयांनी स्वस्त होता. हे ४,५०० म्हणजे जादा अनामतीच्या बरोबर एक टक्का. म्हणजे असे पाहा, की असे शंभर मालक असले आणि वर्षाला त्यातल्या एकानेच अनामत बुडवली, तरी शंभर भाडेकरूंचा मिळून झालेला सगळा फायदा त्या एका बुडीत संपला. एकूण हिशेब बरोबरीत सुटेल, पण ज्याचे साडेचार लाख गेले त्या घराचे काय?

बँकेतल्या ठेवीला निदान विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराची ५ लाखांपर्यंतची ठेव व्याजासह सुरक्षित धरली जाते, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थांच्या ठेवींना मात्र हा विमा नाही, हे ठेव ठेवताना विसरू नये. घरमालकाकडच्या अनामतीला तर कुठलाच विमा नाही.

म्हणून आमचे मत असे, की घराचा दर बँकेच्या ठेवीपेक्षा निदान तीन-चार टक्क्यांनी वर असल्याशिवाय मोठ्या अनामतीच्या वाटेला जाऊ नये. तसा तो असला तरी मालक माहितीतला आणि घर बिनकर्जाचे असावे. आणि रक्कम अशी असावी की ती सहा महिने उशिरा मिळाली तरी आपली लावण, खते व परतफेड अडणार नाही.

मोठ्या अनामतीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे न्यायाचे आहे. आपला पैसा उसाच्या बिलाबरोबर एकदम येतो, आणि भाडे मात्र दरमहा द्यावे लागते. भर पावसाळ्यात महिन्याला १२ हजार धाडणे जड जाते. यावर तोड अशी, की उरलेली रक्कम मासिक व्याजाच्या ठेवीत ठेवावी आणि दहा-अकरा महिन्यांचे भाडे बिल आल्या आल्या वेगळ्या खात्यात काढून ठेवावे. अण्णांनी तेच केले. दुसरा फ्लॅट घेतला, २ लाख ठेवीत गेले, कर्जाचा अर्ज त्यांनी फाडून टाकला. मुलगी म्हणाली, "दादाचं माहीत नाही, पण दर महिन्याला घरमालकाची पावती मी फाईलला लावीन."

करून पाहा

एका फ्लॅटला अनामत ३,४०,००० व भाडे ७,५००. दुसऱ्याला अनामत ४०,००० व भाडे १०,०००. घराचा दर किती? ठेवीला ७ टक्के आणि कर्जाला १२ टक्के धरून, पैसा स्वतःचा असताना व कर्जाऊ असताना कोणता फ्लॅट स्वस्त?

उत्तर : जादा अनामत ३,००,०००, वर्षाची बचत ३०,०००, घराचा दर १० टक्के. स्वतःचा पैसा असल्यास व्याज २१,००० बुडते, म्हणून पहिला ९,००० रुपयांनी स्वस्त. पण जोखीम वजा जाता निर्णय मालक पाहूनच करावा. कर्जाऊ पैसा असल्यास व्याज ३६,००० पडते, म्हणून दुसरा ६,००० रुपयांनी स्वस्त.